उकळल्यासारखा वाजणारा बॉयलर: दोष चुन्याच्या थराचा की काळ्या गाळाचा?

इंग्लंडच्या आग्नेय भागात, म्हणजे लंडन, रेडिंग, स्लाव या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांना हा आवाज ओळखीचा असेल. थंडी पडली, हीटिंग सुरू केलं, की पाच-दहा मिनिटांत बॉयलरच्या पोटातून आधण यायच्या आधीच्या पातेल्यासारखा गुरगुराट सुरू होतो. मग तो वाढत जाऊन अधूनमधून ठोके पडतात. इथले हीटिंगवाले याला केटलिंग म्हणतात. यावर ठरलेला सल्ला येतो, ‘सिस्टिम फ्लश करून घ्या’, म्हणजे पाण्याच्या जोराने आतून धुऊन घ्या. हा सल्ला कधी अचूक लागू पडतो, तर कधी काही शे पौंड जातात आणि महिन्याभरात आवाज परत येतो. कारण हा आवाज काढणाऱ्या गोष्टी दोन आहेत. एक चुन्याचा पांढरा थर, दुसरा लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ. आवाज जवळजवळ सारखा, पण दोघांचं मूळ, जागा आणि उपाय वेगळे.

आवाज दोन्हींत कसा होतो ते आधी पाहू. बंद सिस्टिममध्ये, म्हणजे जिथे तेच पाणी बॉयलर आणि रेडिएटरांमधून फिरत राहतं तिथे, दाब साधारण दीड बार असतो आणि त्या दाबाला पाणी १२७ अंशांच्या आसपास उकळतं. बॉयलर पाणी ६०-७५ अंशांपर्यंतच तापवतो, त्यामुळे पाणी उकळायला नको. पण ज्योतीलगतची धातूची भिंत एखाद्या जागी १२७च्या वर गेली, तर तिथे चिकटून असलेलं पाणी वाफ होतं. वाफेचा बुडबुडा सुटून जरा पुढे थंड पाण्यात आला की क्षणात मिटतो, आणि मिटताना आजूबाजूचं पाणी त्या पोकळीत आपटतं. असे असंख्य बुडबुडे मिटत असतात, तोच गुरगुराट. तेव्हा खरा प्रश्न हा की भिंत इतकी का तापली?

गाळाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे, पाणी पुरेसं वाहत नाही. रेडिएटर बहुतेक पोलादाचे असतात. पाण्यात मिसळून आलेल्या ऑक्सिजनमुळे ते आतून गंजतात आणि मॅग्नेटाइट या गंजाची काळी, बारीक पूड तयार होते. ती जड असल्यामुळे पाणी संथ असतं तिथे बसते, म्हणजे रेडिएटरच्या तळाशी, पंपात आणि ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या अरुंद वाटांत. वाटा बुजल्या की पाणी कमी फिरतं, जे फिरतं ते आत जास्त वेळ थांबतं आणि जास्त तापतं.

चुन्याच्या बाबतीत पाणी अगदी व्यवस्थित फिरत असू शकतं. अडथळा आहे तो उष्णतेच्या वाटेत. लंडन आणि थेम्स खोऱ्याचं बरंचसं पाणी चॉकच्या खडकातून येतं आणि त्याची कठीणता, म्हणजे विरघळलेल्या चुन्याचं प्रमाण, लिटरला २५० ते ३०० मिलिग्रॅमच्या घरात असते. त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन बसतं. साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, हे मात्र उलट वागतं. म्हणून ते थंड पाइपात न बसता सर्वांत तापलेल्या जागेवर, ज्योतीसमोरच्या भिंतीवरच बसतं.

हा थर उष्णता फार वाईट वाहतो, तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी. एक ढोबळ हिशेब करून पाहू. समजा ज्योतीलगत दर चौरस मीटरला १०० किलोवॉट उष्णता जाते आहे आणि थर अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाच कागदांएवढा जाड आहे. त्याची वहनक्षमता १ वॉट प्रति मीटर प्रति अंश धरली, तर एवढ्याशा थराच्या दोन बाजूंच्या तापमानात ५० अंशांचा फरक पडतो. स्वच्छ असताना जी भिंत ८५-९० अंशांवर असते ती आता १४०च्या आसपास जाते. थराला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यात शिरलेलं पाणी भिंतीला टेकून उकळतं, आणि केटलिंग सुरू होतं. भिंत जास्त तापली की नवा चुना आणखी लवकर बसतो. हे चक्र आपोआप थांबत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. बंद सिस्टिममध्ये पाणी एकदा भरलं की तेच तेच फिरतं. १०० लिटरची सिस्टिम, २८० मिलिग्रॅम कठीणता, म्हणजे एकूण फार तर २८ ग्रॅम चुना. एवढ्याने एक्स्चेंजर सहसा भरत नाही. मग जाड थर येतो कुठून? वरून भरलेल्या पाण्यातून. दाबाचा काटा खाली आला की आपण फिलिंग लूप, म्हणजे नळाचं पाणी सिस्टिममध्ये सोडणारी जोडनळी, उघडतो आणि काटा दीडवर आणतो. तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी बॉयलरमधली विस्तार टाकी ८ लिटरची असेल आणि तिच्यातल्या हवेचा दाब पाऊण बार असेल, तर पाऊणवरून दीडपर्यंत येताना सुमारे अडीच लिटर ताजं पाणी आत जातं. हे दर आठवड्याला केलं तर वर्षाला सव्वाशे लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम नवा चुना, दरवर्षी आणि सगळा त्याच तापलेल्या भिंतीच्या वाट्याला. शिवाय त्या प्रत्येक अडीच लिटरबरोबर ऑक्सिजन येतो, तो रेडिएटर गंजवतो. म्हणून सिस्टिम गळत असलेल्या घरात पांढरा थर आणि काळा गाळ सोबतच सापडतात, आणि नेमका कोण वाजतो आहे हे ओळखणं अवघड होतं.

ओळखायचं कसं? आधी रेडिएटरवर हात फिरवा. वरून गरम पण तळाशी मधोमध थंड असेल तर गाळ. वरच थंड असेल तर हवा अडकली आहे, तिचा आवाज वेगळा असतो, पाइपातून खळखळत जाणारा, आणि हवा सोडली की तो जातो. सगळे रेडिएटर खालपासून वरपर्यंत सारखे गरम आणि तरी बॉयलर गुरगुरतोय, तर संशय चुन्यावर घ्यावा.

दुसरी खूण मोजून मिळते. बॉयलरमधून जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाइपांचं तापमान बघा. बहुतेक कंडेन्सिंग बॉयलर पूर्ण क्षमतेला २० अंशांच्या फरकावर चालायला बनवलेले असतात. तो फरक ३०च्या पुढे जात असेल तर पाणी कमी फिरतंय: गाळ, दमलेला पंप किंवा अर्धवट बंद व्हॉल्व्ह. फरक नेहमीसारखा असून आवाज येत असेल तर पाणी फिरतंय, भिंतच झाकली गेली आहे. थर फार वाढला की तोही वाट अडवतो, तेव्हा ही खूण पुसट होते.

आणि फिल्टर किंवा निचऱ्यातून जे बाहेर येतं ते बघाच. काळी पूड कागदावर घेऊन खालून चुंबक फिरवला की ती केसांसारखी उभी राहते. चुन्याची खपली करड्या-पांढऱ्या रंगाची, अंड्याच्या कवचासारखी ठिसूळ असते. तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की बारीक फेस येतो. एका बाजूला खपली गुळगुळीत, धातूला चिकटलेली. दुसऱ्या बाजूला खरखरीत. दोन्ही गोष्टी एकाच खपलीत असतील, पांढऱ्यावर काळं पुट चढलेलं, तर त्या घरात वर्षानुवर्षं पाणी भरलं जातंय असं समजावं.

हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणाऱ्या कॉम्बी बॉयलरमध्ये आणखी एक जागा आहे, नळाच्या गरम पाण्याचा प्लेट हीट एक्स्चेंजर. तिथे रोज ताजं कठीण पाणी येतं, त्यामुळे तो आधी भरतो. आवाज फक्त गरम नळ सोडल्यावर येत असेल आणि पाणी गरम-कोमट-गरम असं होत असेल, तर दोष बहुधा तिथे. तो सुटा काढून बदलता येतो. मुख्य एक्स्चेंजरइतका तो महाग नसतो.

मुख्य एक्स्चेंजरचं नुकसान मात्र हळूहळू आणि न दिसता होतं. स्टेनलेस स्टील मुळातच उष्णता फारशी वाहत नाही. त्यावर थर बसला की थराखालची पट्टी शेजारच्या स्वच्छ पट्टीपेक्षा पन्नास अंश गरम होते आणि तेवढी जास्त फुगते. बॉयलर दिवसभर चालू-बंद होतो, प्रत्येक वेळी ही असमान ओढाताण होते, आणि थकवा वेल्डच्या जोडांत साठतो. दुसरं, थराच्या छिद्रांत पाणी उकळून जातं पण त्यातले क्लोराइड मागे राहून दाट होतात. स्टेनलेस स्टीलला ताणाखाली बारीक तडे जाण्यासाठी दाट क्लोराइड आणि उष्णता या दोन्ही गोष्टी लागतात, आणि थराखाली दोन्ही हजर असतात. ॲल्युमिनियमच्या ओतीव एक्स्चेंजरला असमान तापण्याने तडे जाऊ शकतात. यादरम्यान उष्णता पाण्यात न जाता धुराड्यातून बाहेर पडते, म्हणून गॅस जास्त लागतो. शेवटी अतितापापासून वाचवणारी सुरक्षा यंत्रणा बॉयलर बंद पाडू लागते. आवाज सुरू झाल्यावर बॉयलर काही हिवाळे चालतोही, आणि म्हणूनच लोक थांबतात. तोवर जोड थकलेले असतात, नंतर थर काढला तरी तो थकवा परत जात नाही.

उपायही वेगळे. गाळासाठी फ्लश, मग गंज रोखणारं इन्हिबिटर रसायन आणि चुंबकी फिल्टर. चुना मात्र पाण्याच्या जोरावर सुटत नाही, आम्ल लागतं. सहसा सल्फॅमिक आम्लाचं संरक्षक घातलेलं द्रावण फिरवतात, फेस येणं थांबलं की ते उदासीन करून धुतात. ॲल्युमिनियमच्या एक्स्चेंजरला उत्पादकाने मान्य केलेलंच द्रावण वापरायचं, हायड्रोक्लोरिक तर मुळीच नाही. केसिंग उघडायचं काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाचं. आवाज दाबणारी रसायनं मिळतात, ती बुडबुडे शांत करतात, पण थर तसाच राहतो आणि भिंत तशीच तापते, म्हणून मी ती सुचवत नाही. दाब वाढवला तरी आवाज कमी होतो, कारण उत्कलनबिंदू वर जातो. तोही इलाज नव्हे.

पाण्याची कठीणता घालवणारा सॉफ्टनर बसवला असेल तर एक लक्षात ठेवा. त्याने नळाच्या बाजूचा प्लेट एक्स्चेंजर वाचतो. पण ते पाणी रेडिएटरच्या सिस्टिममध्ये भरायचं की नाही हे बॉयलरच्या पुस्तिकेत बघा, कारण सॉफ्ट केलेलं पाणी ॲल्युमिनियमला बाधू शकतं. २०० मिलिग्रॅमच्या वर कठीणता असेल तर गरम पाण्याच्या फीडला चुना रोखण्याची सोय करावी, असं इंग्लंडच्या इमारत नियमांचं मार्गदर्शनही सांगतं. कठीण बोअरवेल वापरणाऱ्या महाराष्ट्रातल्या घरांत गिझरच्या एलिमेंटवर हाच थर बसतो आणि तोही असाच तडतडतो. फक्त तिथे बदलायला एक स्वस्त एलिमेंट असतं.

आम्ल असो वा फ्लश, त्याआधी गळती शोधा. महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा दाब भरावा लागत असेल तर रेडिएटरचे व्हॉल्व्ह, बाहेरच्या भिंतीतला सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप आणि विस्तार टाकीतली हवा तपासून घ्या. टाकीतली हवा गेली असेल तर पाणी तापताना दाब तीन बारपर्यंत चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर टाकतो, आणि थंड झाल्यावर काटा पुन्हा खाली दिसतो. टाकीत हवा भरणं किंवा टाकी बदलणं हे एक्स्चेंजर बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.