ऑपरेटरला शिकवायला शिकवणारे दहा तास

चांगला ऑपरेटर आपोआप चांगला शिकवतो, हा समज कारखान्यांमध्ये फार जुना आहे. 1917 मध्ये अमेरिकेला युद्धासाठी घाईने जहाजे बांधायची होती, तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उघडा पडला. गोदीत हजारो नवशिके भरती झाले, पण त्यांना शिकवणार कोण? ‘इमर्जन्सी फ्लीट कॉर्पोरेशन’ने गोदीतलेच मुरलेले कारागीर निवडले आणि आधी त्यांना शिकवण्याची रीत शिकवली. यामागे मॅसॅच्युसेट्समधले व्यवसाय-शिक्षणतज्ज्ञ चार्ल्स अ‍ॅलन होते. शिकणाऱ्याची तयारी, कामाची मांडणी, त्याच्याकडून प्रत्यक्ष करून घेणे आणि शेवटी तपासणी, अशा त्यांच्या चार पायऱ्या होत्या.

युद्ध संपले आणि हे बरेचसे मागे पडले. 1940 मध्ये पुन्हा तीच वेळ आली. ऑगस्टमध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ (टीडब्ल्यूआय) ही सरकारी सेवा सुरू झाली आणि चॅनिंग डूली तिचे प्रमुख झाले. पहिली मोठी मागणी आली ती भिंगे घासणाऱ्या 350 कारागिरांची. असा कारागीर तयार व्हायला पाच वर्षे लागतात, असे मानले जाई. टीडब्ल्यूआयच्या लोकांनी त्या कामाचे तुकडे पाडले, कुठल्या तुकड्याला खरे कसब लागते ते शोधले, आणि शिकण्याचा काळ काही महिन्यांवर आला. याच अनुभवातून मायकेल केन यांनी अ‍ॅलनच्या पायऱ्यांवर आधारलेली पद्धत मांडली. पुढे ती खिशात मावणाऱ्या एका कार्डावर आली.

दोन-दोन तासांच्या पाच बैठका आणि साधारण दहा जणांचा गट, एवढाच अभ्यासक्रम होता. पहिल्या बैठकीत बल्ब-होल्डरच्या आत वायरीला मारायची गाठ शिकवत. आधी नुसती तोंडी सांगत, तेव्हा कुणालाच जमत नसे. मग न बोलता करून दाखवत, तरीही जमत नसे. पुढच्या बैठकांमध्ये प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातले खरे काम आणून सर्वांसमोर एकाला शिकवायचे. माझ्या मते या अभ्यासक्रमाचा प्राण इथेच आहे. कार्ड वाचून कुणी शिक्षक होत नाही. स्वतःचे काम कागदावर उतरवायला बसल्यावर ऑपरेटरला कळते की आपण रोज जे करतो त्यातले निम्मे आपल्याला सांगताच येत नाही.

त्यासाठीचा कागद दोन रकान्यांचा असे. डावीकडे महत्त्वाच्या पायऱ्या, उजवीकडे कळीचे मुद्दे. ज्याने काम साधते किंवा बिघडते, इजा होऊ शकते, किंवा काम सोपे होते, तोच कळीचा मुद्दा. टीडब्ल्यूआयच्या पुस्तिकेतला नमुना सेंटरलेस ग्राइंडरवर, म्हणजे टोकांना न पकडता दोन चाकांमध्ये फिरवून घासणाऱ्या यंत्रावर, शाफ्ट घासण्याचा आहे. जॉब, म्हणजे घासायचा शाफ्ट, त्याला फिरवणाऱ्या रेग्युलेटिंग व्हीलला टेकवून प्लेटवर ठेवायचा. मुद्दा असा की तो व्हीलमध्ये अडकू द्यायचा नाही. मग लिव्हर खाली घ्यायचा. इथे मुद्दा असा की फीड सावकाश द्यायचा आणि शेवटाला लिव्हर एक-दोन-तीन-चार मोजेपर्यंत धरून ठेवायचा, नाहीतर जॉब लंबगोल निघतो. मग लिव्हर वर, जॉब बाहेर, आणि गेजने तपासणी. माप टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, कडेला सरकू लागले की गेज अधिक वेळा लावायचा. हे चार आकडे मोजणे कुठल्याच ड्रॉइंगवर नसते. हात बसलेल्या माणसाला आपण थांबतो हेसुद्धा जाणवत नाही, आणि नवशिक्याचे जॉब मात्र स्क्रॅपमध्ये जातात.

शिकवताना आधी माणसाचा संकोच घालवायचा आणि त्याला काय येते ते विचारायचे. मग एका वेळी एकच मुद्दा सांगत, दाखवत जायचे. नंतर त्याच्याकडून करून घ्यायचे, चूक तिथल्या तिथे सुधारायची आणि पुन्हा करताना कळीचे मुद्दे त्याच्याच तोंडून वदवायचे. हात बरोबर चालतो पण कारण सांगता येत नाही, तर तो फक्त नक्कल करतो आहे असे समजावे. शेवटी त्याला एकट्याला कामावर सोडायचे, अडल्यास कुणाला विचारायचे ते नेमून द्यायचे आणि देखरेख हळूहळू कमी करायची.

प्रशिक्षक घडवणाऱ्यांसाठी शिस्त आणखी कडक होती: पुस्तिका समोर ठेवूनच बैठक घ्यायची, आठवणीवर विसंबायचे नाही. पद्धत एका हातातून दुसऱ्या हातात जाताना पातळ होऊ नये म्हणून हा आग्रह होता. 1945 मध्ये सेवा बंद झाली तोवर कामावर शिकवण्याचे हे प्रशिक्षण 10 लाखांहून अधिक लोकांनी घेतले होते.

युद्धानंतर अमेरिकेत पद्धत मागे पडली. जपानने ती उचलली आणि 1950 च्या दशकात टोयोटाने ती आपलीशी केली. त्याच दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने ती भारतातही आली. पुढे अनेक ठिकाणी चार पायऱ्यांचा तक्ता तेवढा भिंतीवर राहिला. ऑपरेटरने स्वतःचा कागद लिहून गटासमोर शिकवून दाखवायचे, हा वेळखाऊ भाग आधी गळला.