टाके पडले, तरी आवाज गेंगाणाच: दुभंगलेल्या टाळूमागची २०० वर्षं

पॅरिसमध्ये १८१९ साली फिलिबेर रू या शल्यचिकित्सकाने जॉन स्टीफनसन या कॅनडातल्या वैद्यकीय विद्यार्थ्याची जन्मजात फाटलेली मऊ टाळू टाके घालून शिवली. भूल देण्याचं तंत्र यायला अजून २५ वर्षांहून अधिक काळ होता, म्हणजे हा तरुण पूर्ण शुद्धीवर होता. स्टीफनसनचं बोलणं सुधारलं. पुढच्याच वर्षी त्याने एडिंबरा विद्यापीठात याच शस्त्रक्रियेवर प्रबंध सादर केला, आणि नंतर माँट्रियलमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू करणाऱ्यांपैकी तो एक झाला. बर्लिनमध्ये कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी असाच प्रयत्न त्याआधी, १८१६ मध्ये केला होता.

त्याआधी भोक बुजवायचं ते बाहेरून. सोळाव्या शतकात आँब्रुआज पारे यांनी टाळूतल्या भोकात बसवायचे धातूचे पत्रे वर्णन केले आहेत. टाके घालणं ही त्यापुढची झेप होती, पण तिच्यामागचा विचार तोच होता: भोक आहे, ते बंद करा. १८६१ मध्ये बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांनी हाडावरचं आवरण अस्तरासह सोलून मध्ये सरकवण्याची पद्धत मांडली, आणि कठीण टाळूतली रुंद फटसुद्धा भरवशाने मिटू लागली. मग एक गोष्ट वारंवार दिसू लागली. फट पूर्ण मिटायची, खाल्लेलं नाकातून यायचं थांबायचं, आणि बोलणं मात्र पूर्वीसारखंच गेंगाणं राहायचं.

हे का होतं, याचं उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळालं नाही. बोलताना मऊ टाळू काय करते हे पाहणाऱ्यांनी ते शोधलं. योहान चेर्माक यांनी १८५७ च्या सुमारास नाकपुडीतून बारीक तार आत घालून तिचं टोक टाळूवर टेकवलं आणि स्वर उच्चारताना टाळू किती उचलली जाते ते पाहिलं. ‘आ’ला ती कमी वर जाते, ‘ई’ला सगळ्यात जास्त. फ्रँकफर्टच्या गुस्टाफ पासावां यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिलं की मऊ टाळू मागे जाऊन घशाच्या भिंतीला टेकली पाहिजे, तरच नाकाची वाट बंद होते. शिवलेली टाळू आखूड किंवा ताठ राहिली तर ती भिंतीपर्यंत पोचतच नाही. तोंडातून पाहिलं तर सगळं जुळलेलं दिसतं. मागची झडप उघडीच असते.

आता कोणते उच्चार बिघडतात ते पाहू. मराठी वर्णमालेत त्याचा नकाशा आयता मांडलेला आहे. प, फ, ब, भ आणि म या पाचही वर्णांना ओठ सारखेच मिटतात. पहिल्या चारांना झडप बंद लागते, म्हणजे हवा ओठांमागे साठते, तिचा दाब काही सेंटिमीटर पाण्याइतका चढतो आणि ओठ उघडताच तो फुटतो. ‘म’ला झडप उघडीच लागते. तेच त, थ, द, ध आणि ‘न’चं, तेच ट-वर्गाचं. झडप उघडी राहिली की प्रत्येक वर्गातले पहिले चार कोलमडतात आणि पाचवा शाबूत राहतो. य, र, ल, व यांना दाब फारसा लागत नाही, म्हणून ते बऱ्यापैकी टिकतात.

सगळ्यात जास्त मार बसतो तो ‘स’ आणि ‘श’ला, आणि त्यांच्याबरोबर ‘च’ आणि ‘ज’ला. ‘प’ला दाब क्षणभर धरायचा असतो. ‘स’ला मात्र अरुंद फटीतून हवेचा झोत सलग चालू ठेवावा लागतो. थोडीशी गळतीसुद्धा तो झोत मारून टाकते, आणि त्याऐवजी नाकातून फुसफुस ऐकू येते. स्वरांमध्ये ‘ई’ आणि ‘ऊ’ सर्वांत गेंगाणे वाटतात, ‘आ’ त्यामानाने बरा. या स्वरांना तोंडातली वाट अरुंद असते, त्यामुळे आवाज नाकाकडे वळतो.

उदाहरण म्हणून चार वर्षांचं एक मूल घेऊ, टाळूची शस्त्रक्रिया वर्षाच्या आसपास झालेलं. ते ‘बाबा’ म्हणायला जातं आणि ऐकू येतं ‘मामा’. ‘दादा’चं ‘नाना’ होतं. अनुभवी थेरपिस्ट मुलाची नाकपुडी बोटांत चिमटून पुन्हा म्हणायला सांगते. आता ‘बाबा’ स्वच्छ येतं. म्हणजे ओठ, जीभ, सगळं बरोबर काम करतंय, फक्त हवा वर निसटतेय. ‘बाबा’ म्हणताना नाकाखाली धरलेल्या गार आरशावर वाफ धरते, तेही हेच सांगतं. पुढे तिने ‘ससा’ म्हणायला सांगितलं. हा ‘स’ दातांजवळ नाही, खाली घशातून घासून येतो, आणि नाक चिमटलं तरी तसाच राहतो. ही गळती नाही, ही सवय आहे. तोंडात दाब साठत नाही म्हणून मुलाने झडपेच्या खालची जागा शोधली. काही मुलं ‘क’ आणि ‘ट’च्या जागी घशात नुसता अडखळा देतात, तोही याच कारणाने.

दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि इथेच गोंधळ होतो. गळती शस्त्रक्रियेने किंवा टाळूला जोडलेल्या उपकरणाने थांबवावी लागते. घशातला ‘स’ मात्र झडप नीट झाल्यावरही आपोआप जात नाही; त्याची जागा बदलायला थेरपीच लागते. पिपाणी वाजवणं, फुगे फुगवणं असे व्यायाम अजूनही सांगितले जातात, पण फुंकताना टाळू ज्या पद्धतीने हलते ती बोलण्याची पद्धत नव्हे, म्हणून त्यांतून बोलणं सुधारत नाही. पालकांचे महिनोन् महिने त्यात जातात याचं मला फार वाईट वाटतं.

हा फरक शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेला पॅरिसच्या व्हिक्टर व्हो यांनी. १९२० च्या दशकात त्यांनी सुझान बोरेल-मेझोनी या तरुणीला सोबत घेतलं आणि शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचं बोलणं पद्धतशीर ऐकायचं काम तिच्यावर सोपवलं. फ्रान्समधल्या वाचा-उपचाराचा पाया त्यातून पडला. टाळूचं यश टाक्यांवरून न मोजता बोलण्यावरून मोजायचं, हा बदल मला या सगळ्या इतिहासात मोलाचा वाटतो. टाळू उचलणारा स्नायू फाटलेल्या टाळूत आडवा न राहता पुढे वळून हाडाच्या मागच्या कडेला चिकटलेला असतो, हेही व्हो यांनी ठासून मांडलं. १९६९ मध्ये ओटो क्रिन्स यांनी तो स्नायू तिथून सोडवून, मागे फिरवून दोन्ही बाजू एकमेकींना जोडायची पद्धत दिली. आजच्या बहुतेक शस्त्रक्रियांत हे कुठल्या ना कुठल्या रूपात केलं जातं.

किती गळती चालते, हे डोनाल्ड वॉरन यांनी १९६० च्या दशकात हवेचा दाब आणि प्रवाह मोजून काढलं. सुमारे २० चौरस मिलिमीटरच्या वर, म्हणजे साधारण ५ मिलिमीटर व्यासाचं भोक उरलं, की दाबाचे उच्चार सांभाळणं कठीण होतं. त्याहून लहान फट असली तर काही मुलं निभावून नेतात, काहींचा फक्त ‘स’ फुसफुसतो. म्हणून नुसतं ‘आ’ करायला सांगून तोंडात डोकावणं पुरत नाही. शंका असेल तर नाकातून दुर्बीण घालून मूल बोलत असताना झडप पाहावी लागते. आणि त्या वेळी मुलाकडून वदवून घ्यायची वाक्यं ‘प’, ‘ट’ आणि ‘स’ने भरलेली हवीत, त्यांत ‘म’ आणि ‘न’ नकोत. नाहीतर गळतीचा आवाज कुठला आणि वर्णाचा स्वतःचा नाद कुठला, हे कानाला वेगळं करता येत नाही.