बँकेला एक इमोजी, कॅफेला चार: हा हिशेब आला कुठून?

ब्रँडने कसं बोलावं हे सांगणारी मार्गदर्शिका, जिला एजन्सीत सगळे ‘व्हॉइस गाइड’च म्हणतात, ती चाळली की मागच्या पानांत कुठेतरी इमोजीचा नियम सापडतो. बँकेच्या गाइडमध्ये साधारण ‘एका पोस्टला फार तर एक, तक्रारीच्या उत्तरात एकही नाही’ असं काहीसं असतं. कॅफेच्या गाइडमध्ये तीन-चार चालतात, आणि कमेंटला उत्तर देताना तर पूर्ण मोकळीक. आकडे ब्रँडगणिक बदलतात, पण बँक आणि कॅफे यांच्यातलं अंतर बहुतेक ठिकाणी तसंच राहतं. ते कसं तयार झालं, हे पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

जपानमध्ये १९९९ साली एनटीटी डोकोमोची ‘आय-मोड’ ही मोबाइल इंटरनेट सेवा सुरू झाली. तिच्या मेलमध्ये २५० अक्षरांची मर्यादा होती. जपानी पत्रात ख्यालीखुशाली आणि आदबीची वाक्यं लांबलचक असतात. ती इथे मावणार कशी? ती गाळली तर मजकूर तुसडा वाटायचा. ‘आय-मोड’च्या टीममधल्या शिगेताका कुरिता यांनी १२ बाय १२ ठिपक्यांच्या चौकटीत १७६ चित्रं बसवली, त्यात हवामानाच्या खुणांबरोबर भाव दाखवणारे चेहरेही होते. (त्याआधी १९९७ मध्ये जे-फोनच्या एका हँडसेटमध्ये ९० चित्रं आली होती, पण तो फोन फारसा खपला नाही.) म्हणजे दोन माणसांच्या निरोपातला कोरडेपणा घालवणं, हे या चित्रांचं मूळ काम. पुढे २०१० मध्ये अक्षरांची जागतिक मानकं ठरवणाऱ्या युनिकोडने ती प्रमाणित केली, २०११ मध्ये आयफोनचा इमोजी कीबोर्ड जगभर खुला झाला, आणि मग कंपन्याही या बोलण्यात शिरल्या.

२०१५ हे त्या उत्साहाचं वर्ष. शेवरोलेने एका गाडीचं अख्खं प्रसिद्धिपत्रक इमोजीत काढलं. डॉमिनोजने अमेरिकेत पिझ्झाचा इमोजी ट्वीट करून ऑर्डर देण्याची सोय केली. त्याच वर्षी गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेने तरुण पिढीवरच्या आपल्या अभ्यासाची जाहिरात इमोजींच्या रांगेने केली आणि लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. पिझ्झेवाल्याला कुणी हसलं नाही; तिथे इमोजी पाठवला की जेवण यायचं.

साधारण त्याच काळात मेलचिंप या ईमेल मार्केटिंग कंपनीने आपली लेखनशैलीची मार्गदर्शिका सर्वांना वापरायला खुली केली. तिच्यातला एक विचार पुढे असंख्य गाइडनी उचलला: ब्रँडचा आवाज एकच असतो, सूर मात्र समोरच्याच्या मनःस्थितीप्रमाणे बदलतो. इमोजी जपून आणि विचारपूर्वक वापरा, असंही तिच्यात होतं. आकडा नव्हता. माझ्या मते आकडा आला तो मंजुरीच्या साखळीमुळे. पाळीपाळीने काम करणाऱ्या सहा नवख्या मुलांना ‘जपून’ म्हणजे किती, हे सहा प्रकारे कळतं. बँकेच्या अनुपालन विभागातला अधिकारी ‘जपून’ तपासू शकत नाही, ‘एक’ तपासू शकतो.

या आकड्याला संशोधनाचा आधार थोडा उशिरा मिळाला. २०१७ मध्ये ग्लिकसन, चेशिन आणि व्हान क्लीफ यांनी कामाच्या ईमेलमधल्या हसऱ्या चेहऱ्याचा परिणाम तपासला. अनोळखी माणसाच्या औपचारिक मेलमध्ये तो असला, तर लिहिणारा जास्त आपुलकीचा वाटत नव्हता, उलट कमी सक्षम वाटत होता. २०१९ मध्ये ली, चॅन आणि किम यांचा ग्राहकसेवेवरचा अभ्यास आला. त्यात निकाल थोडा वेगळा होता: चेहरा टाकणारा कर्मचारी प्रेमळ वाटतो, पण कामाला कच्चा वाटतो. कुणाला काय भावतं, हे ग्राहक कोणत्या नात्याने आला आहे यावर ठरतं. आपलेपणा शोधणाऱ्याला तो चेहरा आवडतो; ‘पैसे दिलेत, काम करा’ म्हणणाऱ्याला खुपतो. कॉफी पाजणाऱ्याकडून आपण जिव्हाळा मागतो. ज्याच्याकडे पगार आणि ठेवी आहेत, त्याच्याकडून चोख हिशेब मागतो.

याच अभ्यासातली पुढची गोष्ट गाइड लिहिणारे बरेचदा वाचतच नाहीत. सेवा बिघडली की ग्राहक ‘पैसे दिलेत’च्या बाजूला सरकतो. म्हणजे कॅफेचा रोजचा गप्पिष्ट गिऱ्हाईकही त्या क्षणी बँकेच्या ग्राहकासारखा वागतो.

बँकेचा सूर फक्त इमोजीनेच चुकतो असं नाही. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतल्या चेस बँकेने एक विनोदी ट्वीट केलं. खात्यात शिल्लक इतकी कमी का, असं ग्राहक विचारतो आणि खातं त्याला कॉफी घरी करायचा सल्ला देतं. सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांच्यासह अनेकांनी बँकेला फैलावर घेतलं आणि ट्वीट काढावं लागलं. हाच विनोद एखाद्या कॅफेने स्वतःवर केला असता तर लोक हसले असते. पैसे राखणाऱ्याने मात्र पैसे नसणाऱ्याची थट्टा करायची नसते.

मग कायदा आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात डिजिटल संग्रहवस्तू विकणाऱ्या डॅपर लॅब्ज कंपनीविरुद्धच्या दाव्यात न्यायाधीश व्हिक्टर मरेरो यांनी कंपनीच्या ट्वीटमधल्या रॉकेट, चढता आलेख आणि पैशांच्या थैल्या या इमोजींचा अर्थ गुंतवणुकीवरचा परतावा असाच होतो, असं नोंदवलं. निकाल प्राथमिक टप्प्यावरचा, दावा पुढे चालू द्यावा एवढाच. पण ‘आम्ही परताव्याचा शब्दही काढला नव्हता’ हा बचाव त्यामुळे लटका पडला. म्हणून बँकेच्या गाइडमध्ये संख्येबरोबर बंदीची यादीही हवी: 🚀 📈 💰 ठेवी आणि फंडांच्या पोस्टवर नाहीत. कॅफेने सोमवारच्या ऑफरवर रॉकेट लावलं तर कोण कोर्टात जाणार?

आता एक नमुना घेऊ. समजा, एका बँकेचं यूपीआय सकाळी बंद पडलं आणि ग्राहकाने लिहिलं, ‘पैसे कापले गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत.’ टीमचा पहिला मसुदा असा:

‘अरेरे! 😟 काळजी नको, आम्ही आहोत ना! 💙 डीएममध्ये या 🙌’

तीन इमोजी, आणि माहिती शून्य. गाइडप्रमाणे सुधारलेला असा:

‘यूपीआय सेवेत सकाळी ९.४० पासून अडचण आहे. व्यवहार अयशस्वी असल्यास रक्कम खात्यात परत जमा होईल. व्यवहार क्रमांक फक्त मेसेजमध्ये पाठवा. पिन किंवा ओटीपी कुणालाही देऊ नका.’

यातून इमोजी गेले आणि त्यांची जागा वेळ, पुढची कृती आणि सावधगिरी यांनी घेतली. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर ग्राहक रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ शकतो, आणि सोबत त्या उत्तराचा स्क्रीनशॉट जोडू शकतो. तिथे निळं हृदय वाचायला बरं दिसत नाही.

मराठीत लिहिताना 🙏 हा खास पेच पडतो. आपल्याकडे तो नमस्कारही असतो, श्रद्धांजलीही आणि गयावयाही. सणाच्या शुभेच्छांना तो शोभतो. ‘आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ या वाक्यापुढे लागला की मात्र बँकेने हात टेकले असं वाटतं.

कॅफेच्या चार इमोजींनाही मर्यादा आहेत, आणि त्या आवडीच्या नसून तांत्रिक आहेत. दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर ऐकवणारा स्क्रीन रीडर प्रत्येक चित्राचं नाव मोठ्याने वाचतो. वाक्याच्या मध्ये पाच कप टाकले, तर दृष्टिहीन ग्राहकाला कपाचं नाव पाच वेळा ऐकून मगच किंमत कळते. म्हणून इमोजी वाक्याच्या शेवटी, आणि शब्दाच्या जागी कधीच नाही, हा नियम दोन्ही गाइडना सारखाच लागू पडतो. कॅफेच्या केकमध्ये केस सापडल्याची तक्रार आली की त्याचाही आकडा शून्यच, आणि आधीच वेळ लावून ठेवलेली 🍰 ची पोस्ट त्या तासाभरात थांबवायची.