लाइन मंदावली आहे, की स्विचमध्ये लूप पडला आहे?

संध्याकाळी सायबर कॅफेतले इंटरनेट मंदावले की पहिला संशय बाहेरच्या लाइनवर जातो आणि तो पुष्कळदा खराही असतो, कारण त्याच वेळी सगळी वस्ती घरी परतून व्हिडिओ पाहू लागते. पण आतल्या संगणकांना वायरींनी एकत्र जोडणाऱ्या स्विचमध्ये लूप पडला, म्हणजे एखादी वायर फिरून परत त्याच स्विचला लागली, तरी गिऱ्हाइकाला दिसते ते हेच: पाने अर्धवट उघडतात, फॉर्म सबमिट होत नाही.

कोपरखैरण्यातल्या एका कॅफेत मला बोलावले, तोवर मालकांनी प्लॅन ५० वरून १०० एमबीपीएसवर नेला होता. सकाळी सगळे सुरळीत चाले आणि सहानंतर पुन्हा तेच सुरू होई. मी कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्यांत, एखाद्या पत्त्याकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते सतत दाखवणाऱ्या या आज्ञा चालवल्या.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला पत्ता त्यांच्याच राउटरचा, दुसरा बाहेरचा. लाइन तुंबलेली असते तेव्हा वायरीने जोडलेल्या राउटरचे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास येत राहते आणि फक्त बाहेरचे रेंगाळते. येथे राउटरच कधी ४००, कधी ९०० मिलिसेकंद घेत होता आणि मध्येच `Request timed out` येत होते. म्हणजे बिघाड राउटरच्या अलीकडे, दुकानातच होता.

मागच्या रांगेच्या टेबलाखाली आठ पोर्टांचा एक स्वस्त स्विच होता. त्याचे सगळे दिवे एकाच ठेक्यात भराभर लुकलुकत होते, आणि एका वायरीची दोन्ही टोके त्याच्याच सातव्या व आठव्या पोर्टात होती. “अहो, तिथला पीसी काढला, टोक लोंबत होतं, म्हणून झाडताना मीच खोचलं,” मालक म्हणाले.

संगणक ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी हाक सगळ्यांना घालतो, तेव्हा स्विच ती ज्या पोर्टातून आली तो सोडून बाकी सर्व पोर्टांवर पाठवतो. येथे सातव्यातून गेलेली हाक आठव्यातून परत येई आणि पुन्हा सगळीकडे जाई. ईथरनेट फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसल्याने हे फिरणे आपोआप थांबत नाही. महागड्या स्विचमधले स्पॅनिंग ट्री असा लूप ओळखून एक पोर्ट बंद ठेवते; ते यात नव्हते. मुख्य स्विच गिगाबिटचा आणि हा १०० एमबीपीएसचा असल्यामुळे पूर तेवढ्यावर अडला आणि कॅफे ठप्प न होता रडतखडत चालला. त्या रांगेचा वीजबोर्ड गर्दी झाल्यावर, सहानंतरच चालू होई. म्हणूनच दोष लाइनचा वाटत राहिला.

नुसत्या दिव्यांवर मात्र विसंबू नये, मोठी फाइल कॉपी होतानाही ते जोरात लुकलुकतात. मी आठव्या पोर्टातले टोक उपसले, तेव्हा दिवे सुटे सुटे लुकलुकू लागले आणि त्याच क्षणी पहिल्या खिडकीत `time<1ms` अशा ओळी येऊ लागल्या.

रात्री नऊला मात्र दुसऱ्या खिडकीतले आकडे थोडे वाढले आणि पहिलीतले जागच्या जागी राहिले. तेवढा वाटा खरोखर लाइनचा होता, आणि त्याच दोन खिडक्यांचा फोटो जोडून मालकांनी नवी तक्रार नोंदवली.