सहसंबंध गुणांकाची मर्यादा १ च्या पुढे कशी गेली?

‘r मध्ये १.९६ पट प्रमाण त्रुटी मिळवा आणि वजा करा, ९५ टक्के विश्वासांतराल तयार.’ हा सोपा सल्ला सहसंबंध गुणांक r ला चालत नाही.

समजा, इंदूरमधल्या पोह्यांच्या १९ गाड्यांवर सकाळची गिऱ्हाइकं आणि दिवसाचा गल्ला यांचा r ०.८० आला. नेहमीच्या सूत्राने, म्हणजे (१−r²)/(n−२) च्या वर्गमुळाने, त्रुटी ०.१४६ येते आणि अंतराल ०.५१ ते १.०९. पण r कधीच १ ओलांडत नाही! हे सूत्र खरा सहसंबंध शून्य आहे का, एवढंच तपासण्यासाठी आहे. तो १ कडे सरकतो तसा r चा पसारा आक्रसतो आणि वितरण एका बाजूला कलतं.

म्हणून आधी फिशरचं रूपांतर z = ½ ln((1+r)/(1−r)) करायचं. z चा पसारा खऱ्या सहसंबंधावर जवळजवळ अवलंबून नसतो. त्रुटी 1/√(n−3), इथे ०.२५. z येतो १.०९९, मर्यादा ०.६०९ आणि १.५८९. त्या उलट फिरवल्या की ०.५४ ते ०.९२. दोन्ही बाजू असमान आहेत, आणि तेच बरोबर. खालची मर्यादा स्प्रेडशीटमध्ये पडताळा:

```
=FISHERINV(FISHER(0.8)-1.96/SQRT(16))
```

‘खरा सहसंबंध ०.५ आहे’ हे तपासायचं तर ०.५ चा z येतो ०.५४९, आणि (१.०९९−०.५४९)/०.२५ = २.२०, १.९६ पेक्षा जास्त, म्हणजे ५ टक्के पातळीवर नाकारा.

हे सगळं दोन्ही चलं मिळून प्रसामान्य असतील तरच. सणाच्या गर्दीची एखादीच गाडी r फुगवत असेल, तर रूपांतर ते लपवतं. आधी आलेख काढून बघा.