लेझर खरंच ६५० नॅनोमीटरचा आहे का?

नागपुरातल्या बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत डिसेंबरच्या सकाळी खोलीचं तापमान २२ अंश असलं, तर एप्रिलअखेर कुलर चालू असूनही ते ३७ वर जाऊ शकतं. लाल डायोड लेझरची तरंगलांबी तापमानाबरोबर वाढते, दर अंशाला साधारण ०.२ नॅनोमीटर. म्हणजे हिवाळ्यात ६५० नॅनोमीटर देणारा लेझर उन्हाळ्यात ६५३ च्या आसपास देईल. मग एप्रिलमध्ये ग्रेटिंगने तरंगलांबी मोजून उत्तर ६५३ आलं, तर ती मोजणारीची चूक म्हणायची की लेझर खरोखर सरकला म्हणायचं?

जर्नलमध्ये बहुधा लेबलवरचा ६५० हा आकडा ‘खरा’ धरून टक्केवारीत चूक काढतात. त्यातून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. डायोडवरचा आकडा नाममात्र असतो आणि प्रत्यक्ष तरंगलांबी काही नॅनोमीटर इकडेतिकडे असू शकते. तुमच्या कोनाच्या वाचनांवर किती विश्वास ठेवता येतो, हे आधी ठरवावं लागतं.

मांडणी नेहमीचीच आहे. इंचाला १५,००० रेषांचं ग्रेटिंग स्पेक्ट्रोमीटरच्या प्रिझम टेबलावर उभं करायचं आणि लेझरचा किरण त्यावर लंब पाडायचा. टेलिस्कोप आधी दूरच्या झाडावर फोकस करून घ्यायचा, मग आयपीस काढून क्रॉसवायरच्या जागी ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावायचा आणि त्यावर पेन्सिलने बारीक उभी रेघ मारायची. लेझर चालू असताना टेलिस्कोपला डोळा कधीही लावायचा नाही. भिंग किरण एका बिंदूत गोळा करतं आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. पेपर फोकसच्या जागीच हवा, याला कारण आहे. तिथे ठिपक्याची जागा फक्त किरणाच्या दिशेवर ठरते. ग्रेटिंग टेबलाच्या मध्यापासून मिलिमीटरभर सरकलेलं असलं, तरी कोन बिघडत नाही. टेलिस्कोप काढून त्याच्या फिरत्या दांड्यावर नुसता कागद लावला, तर ही सोय राहत नाही.

लेझर दहा मिनिटं तापू द्यावा. मग डावीकडचा पहिला क्रम, उजवीकडचा पहिला क्रम, तसेच दोन्हीकडचे दुसरे क्रम वाचायचे. वाचताना व्हर्नियर ३६० च्या पुढे गेला, तर त्या वाचनात ३६० मिळवायला विसरू नये. डाव्या-उजव्या वाचनांतला फरक म्हणजे 2θ. समजा, तो पहिल्या क्रमासाठी ४५° १०′ आला आणि दुसऱ्यासाठी १००° २०′. म्हणजे θ अनुक्रमे २२° ३५′ आणि ५०° १०′. एका इंचात २.५४ सेंटिमीटर, म्हणून दोन रेषांमधलं अंतर d = १६९३.३ नॅनोमीटर. d sinθ = nλ या सूत्रातून पहिला क्रम ६५०.३ देतो, दुसरा ६५०.२.

आता अनिश्चितता. व्हर्नियरचा लीस्ट काउंट १′ आहे, म्हणून वाचनाची अनिश्चितता १′ असं लिहिणं सोपं, पण ते खरं नाही. पेन्सिलची रेघच सुमारे ०.३ मिलिमीटर जाड असते. टेलिस्कोपच्या भिंगाचं फोकल अंतर १७ सेंटिमीटर धरलं, तर ही जाडी ६′ च्या कोनाएवढी होते. शिवाय डायोड लेझरचा ठिपका लांबट असतो, त्याचा मध्य डोळ्यानेच ठरवावा लागतो. म्हणून टेलिस्कोप हलवून पुन्हा ठिपक्यावर आणायचा, असं पाच-सहा वेळा करायचं आणि वाचनं किती पसरतात ते पाहायचं. समजा हा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, ४′ आला. मोजणीतली कमजोरी व्हर्नियरमध्ये नसून रेघ ठिपक्यावर बसवण्यात आहे, हे त्यातून कळतं.

डावं आणि उजवं वाचन स्वतंत्र आहेत, त्यामुळे त्यांच्या अनिश्चिततांचे वर्ग मिळवायचे: ४ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ५.७′. ही झाली 2θ ची अनिश्चितता. θ ची तिच्या निम्मी, २.८′. तिथून तरंगलांबीकडे जायला

δλ = (d cosθ / n) δθ

हे सूत्र लागतं, आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते. δθ रेडियनमध्येच हवा, कारण sinθ चा वाढीचा दर cosθ असतो तो रेडियनमध्येच. २.८′ म्हणजे ०.०००८२ रेडियन. त्याऐवजी ०.०४७ अंश तसेच घातले, तर पहिल्या क्रमासाठी अनिश्चितता ७४ नॅनोमीटर येते. दोन क्रमांची उत्तरं एकमेकांपासून ०.१ नॅनोमीटरवर असताना ±७४ दिसलं, तर अंशांचे रेडियन करायचे राहिले आहेत असं समजावं.

बरोबर गणित केलं की पहिला क्रम ६५०.३ ± १.३ देतो आणि दुसरा ६५०.२ ± ०.४. वाचन तितक्याच काळजीने केलं, तरी दुसरा क्रम जवळजवळ तिप्पट चांगला. एक तर n ने भागलं जातं. दुसरं, कोन मोठा झाला की cosθ लहान होतो, म्हणजे कोनातल्या त्याच चुकीने sinθ कमी हलतो. दुसरा क्रम फिका दिसतो म्हणून पुष्कळ जण तो सोडून देतात. खोलीत अंधार करून तो घ्यावाच.

पण दुसरा क्रम ग्रेटिंगच्या तिरकेपणाला जास्त हळवा आहे. किरण १° तिरका पडला, तर सरळ किरणापासून मोजलेल्या डाव्या आणि उजव्या कोनांत पहिल्या क्रमात सुमारे १०′ फरक पडतो, दुसऱ्यात तो एक अंशाहून जास्त होतो. म्हणून मधल्या सरळ ठिपक्याचं वाचनही घ्यावं. दोन्ही बाजूंचे कोन जुळत नसतील, तर ग्रेटिंग फिरवून ते जुळवायचं. सरासरी घेतली की ही चूक बहुतेक निघून जाते, मात्र १° तिरकेपणात दुसऱ्या क्रमात दीड मिनिटाची चूक तरीही उरते.

उरला d. ग्रेटिंगवर छापलेला आकडा ०.३ टक्क्याने चुकला, तर तरंगलांबी २ नॅनोमीटरने चुकते, आणि दोन्ही क्रमांत सारखीच. दोन्ही उत्तरं जुळली म्हणून ही चूक नाही असं होत नाही, आणि शंभर वाचनांची सरासरी काढूनही ती जात नाही. उपाय प्रयोगशाळेतच असतो: सोडियम दिवा. लेझर बंद करून त्याची वायर काढायची, आयपीस परत बसवायची आणि त्याच ग्रेटिंगने सोडियमच्या जोडरेषांच्या मध्याचा, म्हणजे सरासरी ५८९.३ नॅनोमीटरचा, दुसऱ्या क्रमाचा कोन मोजायचा. त्यावरून d काढायचा. क्रॉसवायरवर वाचन १′ पर्यंत जमतं, त्यामुळे आधीच्या ±०.४ चं फार तर ±०.५ होतं.

आता एप्रिलचा प्रश्न. डिसेंबरात ६५०.२ ± ०.५ आणि एप्रिलमध्ये ६५३.३ ± ०.५ असं आलं, तर फरक ३.१ ± ०.७. फरक त्याच्या अनिश्चिततेच्या चौपटीहून मोठा आहे, म्हणजे लेझर खरोखर सरकला. फक्त पहिला क्रम घेतला असता, तर तोच फरक ३.१ ± १.८ झाला असता आणि त्यावरून काहीच ठरवता आलं नसतं. सोडियमची मोजणी मात्र दोन्ही महिन्यांत वेगळी करावी, कारण उन्हाळ्यात ग्रेटिंगही थोडं प्रसरण पावतं.