बिल पुसट येतंय? रिबन बदलायच्या आधी दुसरी कॉपी बघा

काउंटरवर डॉट मॅट्रिक्सची प्रिंट फिकी आली की सगळे पहिल्यांदा रिबनच बदलतात. बऱ्याचदा चूक तिचीच असते म्हणा, पण पुसट प्रिंटची कारणं मुख्य तीन आहेत, रिबन, हेडच्या पिना आणि हेड गॅप, म्हणजे हेड आणि कागदातलं अंतर, आणि कुठलं कारण आहे ते तुमचं बिलच सांगतं. त्यासाठी कार्बनवालं किंवा एनसीआरचं, म्हणजे दोन-तीन कॉपीचं बिल घ्या, प्रिंट करा आणि कॉप्या वेगळ्या करून शेजारी शेजारी ठेवा.

वरच्या कागदावर शाई रिबनची लागते. खालच्या कॉपीला रिबन शिवतच नाही, तिथे जे उमटतं ते फक्त पिनेच्या ठोक्याने. त्यामुळे वरची कॉपी फिकी आणि खालची ठळक असेल तर पिना व्यवस्थित मारतायत, रिबन संपली. वरची बरी पण खालची अगदीच पुसट असेल तर ठोका कागदापर्यंत जोरात पोचत नाहीये, म्हणजे गॅप जास्त आहे. आणि दोन्ही कॉप्यांवर त्याच जागी, प्रत्येक ओळीत आडवी पांढरी रेघ दिसत असेल तर एक पिन काम करत नाहीये, मग रिबन कितीही नवी टाका, रेघ जाणार नाही.

रिबनचं आधी बोलू. ती नायलॉनची कापडी पट्टी असते आणि हेड डावीकडे-उजवीकडे पळालं की पुढे सरकत राहते. बिलाच्या पहिल्या काही ओळी चांगल्या येऊन नंतर फिकं होत गेलं तर शाई संपलेली नसूही शकते, रिबन सरकतच नसेल, कारण एकाच जागी ठोके खाऊन तिथली शाई संपते. प्रिंटर बंद करून कॅसेटवरची चकती बाणाच्या दिशेने फिरवून बघा, अडकत असेल किंवा पट्टी पिळली गेली असेल तर तेच कारण. पट्टीला भोकं पडली असतील, धागे सुटले असतील तर मात्र ती लगेच काढा, अजून थोडं चालवू म्हणून ठेवू नका. पिन त्या धाग्यात अडकते, हेड तर पुढे पळत असतं, आणि पिनेचं टोक वाकतं किंवा तुटतं. थोडं वापरून वाचवलेल्या रिबनपायी हेड जातं, हे आम्ही सारखं बघतो आणि खरंच वाईट वाटतं.

अजून एक कळकळीची विनंती, जुन्या रिबनवर स्टॅम्प पॅडची शाई ओतू नका. रिबनच्या शाईत पिनांना वंगण मिळेल असं तेल असतं, स्टॅम्प पॅडच्या शाईत ते नसतं, ती हेडच्या तोंडाशी वाळून चिकटते आणि पिना बाहेर येऊन परत आत जायला अडखळतात. मग कधी डॉट पडतो, कधी सुटतो.

आता गॅप. प्रिंटरच्या बाजूला किंवा झाकणाखाली एक लिव्हर असतो, त्यावर आकडे असतात. सिंगल कागदाला सगळ्यात लहान आकडा, कॉप्या वाढल्या की आकडा वाढवायचा, नेमका किती ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं. कोणीतरी जाड कागद लावताना लिव्हर पुढे ढकलतो, परत आणायचं राहून जातं आणि मग सिंगल बिलं पुसट यायला लागतात. उलट बाजूने जास्त नुकसान होतं, म्हणजे ठळक यावं म्हणून तीन कॉप्यांच्या बिलाला लिव्हर शून्यावर ठेवणं. रिबन कागदावर घासते, आडवे काळे डाग पडतात, कागदाच्या जोडाच्या फुगवट्याला हेड अडतं आणि पिना नको तितक्या जोरात आपटतात. डाग दिसले की लिव्हर एक घर पुढे घ्या. पानाच्या एका बाजूला ठळक आणि दुसऱ्या बाजूला पुसट येत असेल तर रोलर आणि हेडची चाल समांतर राहिलेली नाही, ते लिव्हरने सुटत नाही, फीलर गेज लावून सेट करावं लागतं आणि ते टेक्निशियनवरच सोडा.

पिनेची केस नीट सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. एका काउंटरवरून तक्रार आली की बिलावरचे आकडे ग्राहकांना कळत नाहीत, 8 चा 0 वाटतो, तारखेतल्या आडव्या रेघा गायब, 12-05 चं 12 05 दिसतंय, आणि रिबन तर नवीन टाकलीये. 9 पिनांच्या हेडमध्ये मोठी अक्षरं आणि आकडे साधारण वरच्या 7 पिना काढतात, खालच्या दोन पिना शेपटीवाल्या अक्षरांना आणि अंडरलाइनला लागतात. 8 ची मधली आडवी आणि तारखेतली रेघ ही बहुतेक चौथ्या पिनेची, म्हणून शंका तिथेच गेली. त्यांना सेल्फ टेस्ट काढायला सांगितली, बहुतेक मॉडेलमध्ये प्रिंटर बंद करून एलएफ किंवा एफएफ बटण दाबून धरायचं आणि चालू करायचं, पण कागद पूर्ण रुंदीचा लावा, नाहीतर पिना थेट रोलरवर आपटतात. सेल्फ टेस्टला कॉम्प्युटर लागत नाही, म्हणून तिथेही रेघ आली की सॉफ्टवेअरचा दोष नाही हे कळतं. तिथेही आली. मग भिंगातून H ची उभी दांडी बघितली, 7 पैकी चौथा डॉट नव्हता, दुसऱ्या कॉपीवरही नव्हता.

अशा वेळी अजून एक गोष्ट तपासायची असते, रेघ पानाच्या पूर्ण रुंदीत आहे का. फक्त एका भागात, समजा उजव्या टोकालाच डॉट सुटत असतील तर पिन चांगली असू शकते, हेडची चपटी केबल वाकून वाकून आतून तुटलेली असते आणि हेड त्या जागी गेलं की जोड सुटतो. केबल बदलली की झालं, हेडच्या मानाने खूपच स्वस्तात सुटतं. इथे रेघ पूर्ण रुंदीत होती. मल्टिमीटरने चौथ्या पिनेला ठोका देणारी कॉइल मोजली, रेझिस्टन्स बाकीच्यांइतकाच भरला, म्हणजे कॉइल शाबूत होती. हेड काढून तोंड साफ केलं तर चौथ्या पिनेचं टोकच नव्हतं. काढून ठेवलेली जुनी रिबन बघितली, ती मध्ये विरलेली, आणि लिव्हर शून्यावर, बिलं तीन कॉप्यांची. हेड बदललं, लिव्हर नीट लावला, आकडे स्वच्छ यायला लागले.

कॉइल जळलेली निघाली असती तर नवं हेड बसवायच्या आधी बोर्डावरचा त्या पिनेला वीज देणारा ड्रायव्हर तपासावा लागला असता, कारण ड्रायव्हर शॉर्ट असेल तर तो नव्या हेडची तीच कॉइल परत जाळतो. म्हणून बोर्ड न बघता कोणी हेड बदलून देत असेल तर थांबवा. एकच पिन बदलूनही मिळते, पण बाकीच्या पिना झिजून आखूड झालेल्या असतील तर नवीन पिन जरा पुढे येते आणि तिचाच डॉट गडद पडतो, त्यामुळे जुन्या हेडला आम्ही ते सुचवत नाही.

प्रिंट चालू असताना हेड चांगलंच तापतं, बंद केल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, मगच हात लावा. तोंडावरची कागदाची धूळ धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, तेल, स्प्रे काही मारू नका.

आम्हाला फोन करायच्या आधी बिलाच्या दोन्ही कॉप्यांचा, सेल्फ टेस्टच्या कागदाचा आणि लिव्हर कुठल्या आकड्यावर आहे त्याचा फोटो पाठवा, म्हणजे रिबन आणायची, केबल आणायची की हेड, ते आधीच ठरवून येता येतं.